रजेचा मेल: मी पाठवला तो, आणि त्यातली ओळ न् ओळ तशी का आहे

बाबांच्या गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख ठरली त्या रात्रीच मी रजेचा मेल लिहायला बसले. तब्बल पाऊण तास गेला, पण सकाळी पुन्हा वाचल्यावर एक शब्दही बदलावासा वाटला नाही. दोन नोव्हेंबरला, सोमवारी पाठवला, म्हणजे रजेच्या बरोबर दोन आठवडे आधी. आधी मेल जसाच्या तसा देते, मग तो तसा का लिहिला ते सांगते.

---

विषय: रजेची विनंती, सोमवार 16 ते शुक्रवार 20 नोव्हेंबर (5 दिवस)

नमस्कार सर,

मला सोमवार 16 नोव्हेंबर ते शुक्रवार 20 नोव्हेंबर, दोन्ही दिवस धरून, अशी 5 दिवसांची रजा हवी आहे. सोमवारी 23 तारखेला मी नेहमीच्या वेळेला कामावर हजर असेन.

माझ्या वडिलांचं गुडघा बदलण्याचं ऑपरेशन मंगळवारी 17 तारखेला आहे. आदल्या दिवशी अ‍ॅडमिट करायचंय आणि नंतरचे काही दिवस त्यांच्याजवळ सतत कुणीतरी लागेल. शनिवारपासून माझा भाऊ येतोय, त्यामुळे रजा वाढवावी लागेल असं आत्ता तरी वाटत नाही. तशी वेळ आलीच तर गुरुवारी 19 तारखेपर्यंत तुम्हाला कळवेन.

कामाचं असं ठरवलंय. ऑक्टोबरचा खर्चाचा रिपोर्ट मी शुक्रवारी 13 तारखेला संध्याकाळपर्यंत तुमच्याकडे देते. बुधवारी 18 तारखेचा क्लायंट कॉल मेघना घेईल, तिच्याशी बोलले आहे आणि ती तयार आहे, गुरुवारी 12 तारखेला आम्ही तासभर बसून सगळं बघून घेतोय. नवीन वेंडरची कागदपत्रं तपासायचं काम मात्र मी आल्यावर, 23 नंतर करेन. ते तुम्हाला आधी हवं असेल तर सांगा, जायच्या आधी उरकते.

रजेत असताना रोज मेल बघणं जमणार नाही. काही अगदीच अडलं तर संध्याकाळी 6 ते 7 फोन करा, मी उचलेन. मंगळवारी मात्र तेही जमणार नाही.

रजेचा अर्ज सिस्टीममध्ये टाकला आहे. शुक्रवारी 6 तारखेपर्यंत तुमचं उत्तर मिळालं तर मेघनाला तिची कामं त्याप्रमाणे लावून घेता येतील.

धन्यवाद,
स्नेहल

---

आता पहिल्या नोकरीतली गोष्ट सांगते, कारण वरच्या मेलचा आकार तिथूनच आलाय. तेव्हा मावसबहिणीच्या लग्नासाठी रजा हवी होती आणि मी भलामोठा मेल लिहिला होता, आधी दोन परिच्छेद घरच्यांना माझी किती गरज आहे त्याचे, मग कामाबद्दल मला किती वाईट वाटतंय ते, आणि सगळ्यात खाली "तरी आठ दिवसांची रजा मिळावी ही नम्र विनंती". उत्तर एका ओळीचं आलं: "नक्की कधीपासून कधीपर्यंत?" मी लिहिलं, पुढच्या सोमवारपासून. परत उत्तर, पुढच्या म्हणजे या येणाऱ्या की त्याच्या पुढच्या? असे पाच मेल झाले आणि तोपर्यंत त्या आठवड्यात दुसऱ्या कुणाची तरी रजा मंजूर होऊन गेली होती. कुणीच वाईट वागलं नव्हतं, पण ज्याला निर्णय घ्यायचाय त्याच्या हातात मी निर्णय घेण्याजोगं काही दिलंच नव्हतं.

म्हणून तारखा सगळ्यात आधी. विषयातही त्या, पहिल्या वाक्यातही त्याच. माणूस मोबाईलवर शंभर मेलांतून खाली सरकत असतो, तेव्हा "रजेबाबत" एवढंच दिसलं तर तो म्हणतो नंतर बघू, आणि "16 ते 20 नोव्हेंबर" दिसलं की निम्मा निर्णय मेल न उघडताच होतो.

आणि आपल्या मराठीत तर तारीख आकड्यात लिहिणं फारच गरजेचं आहे, कारण बोलताना आपण दिवस अगदी सैल मोजतो. आपण "आठ दिवसांनी ये" म्हणतो तेव्हा एक आठवडा म्हणायचं असतं आणि "पंधरा दिवस" म्हणजे दोन आठवडे, म्हणजे खरे तर चौदा. "परवा" तर गेलेलाही असतो आणि येणाराही. घरी हे सगळं चालतं कारण समोरच्याला संदर्भ माहीत असतो, पण मेलमध्ये "आठ दिवसांची रजा" वाचून कुणी 5 दिवस धरेल, कुणी 7 आणि कुणी खरोखरच 8. तसंच "20 तारखेपर्यंत" म्हटलं की 20 ला मी कामावर आहे की नाही हे कळत नाही, म्हणून "दोन्ही दिवस धरून" हे तीन शब्द घातले आणि वर परत यायची तारीखही वेगळी दिली. जरा पुनरुक्ती वाटते, पण आपली तारीख चुकली असेल तर ती इथेच पकडली जाते.

कारण किती सांगायचं यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला. पहिल्या खर्ड्यात बाबांना दोन वर्षं कसा त्रास होतोय, कोणत्या डॉक्टरांनी काय सांगितलं, आईला एकटीला कसं झेपणार नाही, सगळं होतं. लिहिताना बरं वाटलं, खरं सांगते, आणि मग सगळं काढलं. उरलं ते फक्त जेवढ्यावरून सरांना कळेल की हे 5 दिवसच का आणि दुसरे का नाहीत. ऑपरेशन 17 ला आहे, आदल्या दिवशी अ‍ॅडमिट, शनिवारी भाऊ येतोय. कारणाचं काम रजेची तारीख समजावणं एवढंच आहे, समोरच्याला आपली दया यावी हे नाही. आणि ज्यांना कारण सांगायचंच नसेल त्यांनी "घरगुती कारणासाठी" लिहावं, माझ्या मते ते पूर्ण पुरेसं आहे, पण खोटं कारण नको, कारण मग ते पुढे आठवणीत ठेवत बसावं लागतं.

टोनचं बघा. शाळेत आपण सगळे अर्ज लिहायला शिकलो: माननीय महोदय, सविनय सादर, कृपा करून रजा मिळावी, आपली आज्ञाधारक. ते साचे हाताला इतके बसलेत की मोठे झाल्यावरही मेल उघडला की बोटं तिकडेच जातात. रोज ज्यांच्याशी "सर, फाईल पाठवली का" असं बोलतो त्यांना अचानक "आपणांस कळविण्यात येते की" लिहिलं तर तेही बुचकळ्यात पडतात, काही बिनसलंय का अशी शंका येते. दुसऱ्या टोकाला "सर 16 ते 20 येत नाहीये, ओके ना?" हेही खटकतं, कारण त्यात विचारणं नाही, नुसतं कळवणं आहे. मी "रजा हवी आहे" लिहिलं. "मिळावी" मध्ये हात जोडलेले दिसतात, "घेतेय" मध्ये दार आपटल्यासारखं वाटतं, "हवी आहे" सरळ उभं राहून बोलतं. विनंती हा शब्द विषयात एकदा आलाय, तेवढा बास. माफी तर कुठेच मागितली नाही. शिल्लक रजेतली रजा मागताना "सॉरी, तुमची गैरसोय होईल" म्हटलं की आपणच आधी कबूल करतो की आपण काहीतरी चूक करतोय.

कामाचा परिच्छेद हा माझ्या दृष्टीने मेलचा कणा आहे. मॅनेजरच्या मनात रजेचा मेल वाचताना एकच विचार असतो, हिचं काम कोण करणार, आणि ते उत्तर आयतं मिळालं तर नाही म्हणायला कारणच उरत नाही. तीन कामं तीन प्रकारे सोडवलीत ते बघा, एक जायच्या आधी, एक दुसऱ्याकडे, एक आल्यावर. सगळंच मेघनाच्या गळ्यात घातलं नाही. तिचं नाव लिहिण्याआधी तिच्याकडे जाऊन विचारलं, ती म्हणाली "घेते, पण मला त्या क्लायंटचं मागचं सगळं माहीत नाही", म्हणून तो गुरुवारचा तास आला. न विचारता कुणाचं नाव लिहिणं हे मला फार वाईट वाटतं, मॅनेजर त्या माणसाला विचारतो आणि तो म्हणतो मला तर काहीच माहीत नाही, मग रजा राहते बाजूला.

फोनचं मुद्दाम वेळ देऊन लिहिलं. "कधीही फोन करा" लिहायचा मोह होतो, चांगलं दिसावं म्हणून, पण ऑपरेशन थिएटरबाहेर बसलेलं असताना फोन वाजला तर मी धड इकडची नाही आणि तिकडची नाही. एक तास ठरवला तर तो मी खरंच पाळू शकते.

शेवटी उत्तर कधीपर्यंत हवं ते. तारखेला कारण जोडलं, मेघनाची कामं लावायची म्हणून. नुसतं "लवकर कळवा" म्हटलं तर ते घाई केल्यासारखं होतं आणि शिवाय लवकर म्हणजे कधी ते कुणालाच कळत नाही.

गुरुवारी दुपारपर्यंत उत्तर आलं नाही. मनात नको ते विचार आले, पण सर त्या आठवड्यात ऑडिटमध्ये अडकले होते, मेल खाली गेला असणार एवढंच. त्याच मेलला उत्तर म्हणून दोन ओळी टाकल्या, म्हणजे त्यांना जुना मेल शोधायला लागू नये:

"सर, ऑडिटची गडबड आहे माहीत आहे, म्हणून हा मेल परत वर आणतेय. 16 ते 20 च्या रजेचं उद्यापर्यंत कळलं तर बरं होईल."

पंधरा मिनिटांत उत्तर आलं. "रजा मंजूर. वडिलांना काळजी घ्यायला सांग. फक्त बुधवारच्या कॉलला सुरुवातीची दहा मिनिटं तू येऊ शकशील का?"

इथे लगेच हो म्हणणं सोपं होतं. पण बुधवार म्हणजे ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशीची सकाळ, आणि तेव्हा काय परिस्थिती असेल हे मला आज सांगताच येत नव्हतं. मी लिहिलं:

"धन्यवाद सर. बुधवारी सकाळचं मी नक्की सांगू शकत नाही, त्यामुळे माझ्यावर अवलंबून राहू नका. त्याऐवजी शुक्रवारी 13 ला क्लायंटला मी स्वतः फोन करून मेघनाची ओळख करून देते, आणि कॉलमध्ये येणारे मुद्दे तिला लिहून देते. चालेल का?"

"चालेल," एवढंच आलं. तो मेल मी मेघनाला फॉरवर्ड केला आणि कॅलेंडरमध्ये 13 तारखेला क्लायंटच्या फोनची वेळ टाकून ठेवली.