निळ्या ड्रेसचा पॅटर्न: कात्री लावण्याआधी वाच

रेश्मा,

निळ्या कॉटनच्या ड्रेसचा पॅटर्न कटिंगच्या टेबलावर गुंडाळून ठेवलाय. तुझा हात पंजाबी ड्रेसवर बसलाय, मापं घेऊन थेट कापडावर खडू मारायची सवय आहे. इथे आखणी आधीच झालेली आहे, आपण तिच्या खुणा वाचायच्या. आणि जोडणीच्या खुणा टिपेच्या रेघेवर जुळवायच्या असतात, कापायच्या रेघेवर नाही. एवढं डोक्यात पक्कं ठेवलंस की निम्मं काम झालं.

पहिल्या पानावर 10 सेंमीचा चौकोन छापलाय. तो मी टेपने मोजला, बरोबर आहे. पुढे कधी पॅटर्न प्रिंट काढून आणलास तर आधी तो चौकोन मोज. साडेनऊ भरला तर प्रिंट बारीक आलाय, अख्खी गुंडाळी बाद.

कागदावर एकात एक बऱ्याच रेघा दिसतील, कुठे तुटक, कुठे ठिपक्यांची. प्रत्येक रेघ एक साईज. मॅडमची छाती 92, कंबर 76. तक्त्यात ती 40 नंबरला बसते. मी ती रेघ पिवळ्या पेनने गिरवलीय, तिच्यावरूनच काप. छातीचं लूजिंग पॅटर्नमध्ये धरलेलं आहे, आपल्याकडून आणखी घालू नकोस.

बॉडीच्या तुकड्यांवर कंबरेच्या वर एकमेकींजवळ दोन आडव्या रेघा आहेत. उंची कमी-जास्त करायची ती तिथेच. मॅडमची पाठ आखूड आहे, म्हणून तिथे कागदाला 1.5 सेंमीची घडी घालून चिकटपट्टी लावलीय, पुढे आणि मागे सारखीच. खालून कापून आखूड केलं असतं तर कंबरेचा आकार गेला असता. घडीमुळे बाजूची रेघ तुटली होती, ती पट्टीने जोडून घेतलीय.

लांब बाण म्हणजे उभा धागा. कागद कापडावर ठेवलास की बाणाच्या वरच्या टोकापासून काठापर्यंत मोज, मग खालच्या टोकापासून. दोन्ही अंतरं एक आली पाहिजेत. नजरेच्या अंदाजावर ठेवू नकोस, घेर एका बाजूला ओढला जातो आणि मग इस्त्री करूनही सरळ होत नाही. दोन्ही टोकांना वाकवलेला बाण असेल तर ती कडा कापडाच्या घडीवर. पुढची बॉडी, पुढचा घेर आणि पुढच्या गळ्याची पट्टी या तिघांना तो आहे. त्या कडेला माया नाही आणि कात्रीही नाही. बाकीच्यांवर ‘2 कापा’ लिहिलंय. कापड दुहेरी असेल तर आपोआप डावा-उजवा मिळतो, एकेरी असेल तर दुसऱ्या वेळी कागद उलटा ठेव.

आता माया. या पॅटर्नमध्ये ती धरलेली आहे: सगळीकडे 1.5 सेंमी, गळ्याला 1, खालच्या दुमडीला 4. दीड सेंमी म्हणजे टेपवर जवळपास पाच सूत. आपण उसवून मोठं करता यावं म्हणून बाजूला इंचभर सोडतो, तसं इथे वरून सोडलंस तर कडेवरून टीप घालता येणार नाही. मॅडमने मागितलीय म्हणून फक्त बाजूच्या शिलाईला जास्तीचा 1 सेंमी सोड, पण मग बॉडी आणि घेर दोन्हींना सोड आणि उलट बाजूने टिपेची रेघ खडूने आखून घे. गळा सोडून बाकी सगळीकडे कडा मशीनच्या प्लेटवरच्या 1.5 च्या खुणेला धरून चालव. अर्ध्या सेंमीने काय होतं? कंबरेवर दोन बाजू आणि मागची मधली अशा तीन शिलाया आहेत, प्रत्येकीत दोन पदर. प्रत्येक पदराला अर्धा सेंमी कमी दाबलास तर ड्रेस 3 सेंमी ढगळ.

आणि सगळे पॅटर्न सारखे नसतात. काहींत माया अजिबात नसते, आपल्याला वाढवावी लागते. सूचनेच्या पानावर ते लिहिलेलं असतंच, ते वाचल्याशिवाय कागद कापडावर ठेवायचा नाही.

नॉच म्हणजे कडेवरच्या त्या छोट्या त्रिकोणी खाचा. ज्या दोन कडा एकमेकींना जोडायच्या, त्यांचे नॉच समोरासमोर येतात. कापडावर आतल्या बाजूला 4-5 मिमीचा कट पुरे. त्याहून खोल गेलीस तर टिपेच्या जवळ जाशील. हे कापड कडेला सुटतंय, त्यामुळे बाहेरच्या बाजूला त्रिकोण ठेवून कापलंस तर जास्त बरं.

बाहीवर नॉच नीट बघ. एकेरी खाच पुढे, दुहेरी मागे. मुंढ्यावरही तसंच आहे. कागद सपाट असताना बाहीचे दोन्ही अर्धे सारखे वाटतात, पण पुढचा भाग जास्त खोल कापलेला असतो. उलटी लागली की हात पुढे नेताना पाठीत ताण येतो. वरचा ठिपका खांद्याच्या शिलाईवर येतो. मोजशील तर बाहीचा माथा मुंढ्यापेक्षा सुमारे 3 सेंमी जास्त भरेल. पॅटर्न चुकलेला नाही, माथा गोल बसावा म्हणून ते दिलंय. जास्तीचं कापून टाकू नकोस. दोन नॉचच्या मध्ये मोठ्या टाक्याच्या दोन ओळी मार, दोरे हलके ओढ आणि जास्तीचं कापड बोटांनी पसरव. बाहेरून चुणी दिसता कामा नये.

टक्सच्या दोन्ही रेघा आणि टोकाचा ठिपका कार्बन ठेवून ट्रेसिंग व्हीलने उलट बाजूला उतरव. टीप रुंद बाजूने सुरू कर, टोकाला शेवटचे दोन-तीन टाके अगदी घडीवरून जाऊ दे. तिथे उलटी टीप मारायची नाही, दोरे हाताने गाठ मारून सोड. छातीचे टक्स खाली दाब, कंबरेचे मध्याकडे.

जोडणीचा क्रम असा: गळ्याच्या पट्ट्यांना फ्यूजिंग. गळ्याच्या कडेपासून 8 मिमीवर एकेरी टीप, म्हणजे हाताळताना गळा ताणत नाही. मग सगळे टक्स, बॉडीचे खांदे, बॉडीच्या बाजू. घेराच्या बाजू वेगळ्या जोड. मग कंबर जोड, बॉडीचे टक्स घेराच्या टक्ससमोर आले पाहिजेत. मागची मधली बाजू अजून उघडीच राहील, तिथे चेन येणार आहे. चेन लावली की तिच्या खालची शिलाई, नंतर गळ्याची पट्टी, मग बाही. पट्टी लावल्यावर गळ्याच्या मायेला बारीक कट दे आणि माया पट्टीकडे वळवून तिच्यावर काठाजवळून टीप मार, नाहीतर पट्टी बाहेर डोकावते.

पंजाबी ड्रेसला आपण आधी बाही लावून मग बाजू एका टिपेत मारतो. माथ्यात एवढं कापड असलं की तसं जमत नाही, बाही गोल करूनच मुंढ्यात बसव.

एका शिलाईवरून दुसरी जाणार असेल तर पहिलीला आधी इस्त्री.

कंबर जोडून झाली की थांब. मॅडमना ट्रायलला बोलाव, मागे टाचण्या लावून बघू, मग चेन. दुमड शेवटी, आणि तीही ड्रेस रात्रभर हँगरवर टांगल्यानंतर. घेराचं कापड कडेला तिरकं आहे, ते लोंबतं. खालची कड जमिनीपासून मोजून सारखी कर. फोन नंबर वहीत ‘निळा कॉटन’च्या खाली आहे.

– ताई