अकरावी आयटी: प्रोजेक्टचे विषय (एआय आणि नैतिकता), नीट वाचा मग विचारा

मुलांनो, परवा वर्गात विषय सांगितले तेव्हा निम्मे जण कॅन्टीनच्या वडापावात होते, म्हणून आता सगळं एकदाच टाईप करून टाकतेय. ग्रुपवर "मॅडम विषय काय" असं परत कुणी टाकलं तर मी उत्तर देणार नाही.

पहिलं म्हणजे "एआय शाप की वरदान" हा विषय बंद. मागच्या वर्षी या नावाच्या सात फायली आल्या, सातही फायलींत तोच रोबोटचा फोटो, त्यातल्या दोघांनी तर स्पेलिंगच्या चुकासुद्धा सारख्याच केलेल्या. माझी अट एकच आहे, जे लिहाल ते तुम्ही स्वतः मोजलेलं पाहिजे. वीस नोंदी असल्या तरी चालतील पण तुमच्या हातच्या पाहिजेत. मशीन पक्षपाती आहे असं नुसतं म्हणायला कुणालाही येतं. कुणाच्या बाबतीत चुकतं, किती वेळा चुकतं आणि काय मोजायचं ते आधी कुणी ठरवलं, हे तीन प्रश्न प्रत्येक विषयाला लावायचे. गट चौघांचा.

१) एकाच घरातले दोन फोन

सगळ्यात जास्त गट हाच विषय मागणार मला माहितीये, म्हणून याच्यावर जरा जास्त लिहिते. दादाच्या आणि ताईच्या फोनवर (त्यांना विचारून!) "बारावीनंतर काय करावं" हे एकच सर्च यूट्यूबवर टाकायचं आणि पहिले २० व्हिडिओ कुठले येतात ते वहीत उतरवायचं. रकाने करा: क्रमांक, विषय, भाषा, बोलणारा बाई की पुरुष, सरकारी नोकरी की इंजिनिअरिंग की ब्यूटी पार्लर कोर्स की अजून काय. मुलीच्या फोनवर नर्सिंग-डीएड जास्त आणि मुलाच्या फोनवर पोलीस भरती-कोडिंग जास्त येतं का ते बघा. येईलच असं मी म्हणत नाहीये, नाही आलं तर तसं लिहा, त्याचेही पूर्ण मार्क.

आता इथे बहुतेक सगळे चुकतात ते सांगते. दोन फोनवर वेगळे व्हिडिओ दिसले की लगेच "बघा मॅडम भेदभाव" म्हणून धावत येऊ नका, कारण एकाच फोनवर तेच सर्च तासाभरानं परत केलं तरी यादी थोडी बदलतेच. म्हणून आधी एकाच फोनवर तीन वेळा सर्च करा आणि २० पैकी किती व्हिडिओ आपोआप बदलतात ते मोजा. समजा पाच बदलतात. मग दोन फोनांत सहाचा फरक निघाला तर त्यातून काहीच सिद्ध होत नाही, चौदाचा निघाला तर बोलण्यासारखं काहीतरी आहे. त्यातही फरक मुलगा-मुलगी असल्यामुळे आहे की दादा दिवसभर क्रिकेट बघतो म्हणून आहे, हे कसं ओळखणार? यावर एक पान हवंच. यूट्यूबची हिस्टरी बंद करून साफ केली की होमपेज जवळपास रिकामंच दिसतं, म्हणजे तुम्ही आधी काय बघितलं याच्यावर ते किती अवलंबून आहे हे घरीच कळतं.

आपल्याकडे अजून एक मजा आहे, एका गल्लीत तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठी अशी चारही घरं सापडतात. पूर्व भागातल्या मुलांनी भाषेवरून हाच प्रयोग करावा, मला स्वतःला उत्सुकता आहे.

२) गड्ड्यात कॅमेरा लावला तर

हा गणिताचा विषय आहे, कॅमेरा लागत नाही. समजा सिद्धेश्वराच्या यात्रेत गेटवर चेहरा ओळखणारा कॅमेरा बसवला आणि दिवसभरात १ लाख माणसं गेली. त्यात पोलिसांना हवे असलेले खरे १० जण आहेत. कॅमेरा त्यातले ९ पकडतो, आणि साध्या माणसाला चुकून चोर समजण्याचं प्रमाण हजारात एक. ऐकायला किती भारी वाटतं ना? आता करा हिशोब. ९ खरे, आणि लाखातले साधारण १०० निरपराध. म्हणजे घंटा १०९ वेळा वाजणार आणि त्यातल्या ९ वेळाच खरी, बारातल्या अकरा वेळा एखाद्या चादरवाल्या काकांना नाहीतर पाळण्यात बसायला आलेल्या पोराला बाजूला घेणार. (आकडे माझ्या मनचे आहेत, तुम्ही बदलून तीन तक्ते करा: हजारात एक, दहा हजारात एक, लाखात एक.)

मग खऱ्या गोष्टींकडे या. दिल्ली पोलिसांनी २०२२ मध्ये माहिती अधिकारात सांगितलं होतं की ८० टक्क्यांच्या वर जुळलं की ते जुळलं असं धरतात. ८० का, ७० का नाही, ९५ का नाही? आकडा खाली आणला तर काय होईल, वर नेला तर कोण सुटेल? अमेरिकेत डेट्रॉइटजवळ जानेवारी २०२० मध्ये रॉबर्ट विल्यम्स नावाच्या माणसाला अशाच चुकीच्या जुळणीवरून बायको-पोरींसमोर घराच्या दारात अटक झाली होती. तक्त्यात तो "चुकून पकडलेले" या रकान्यातला एक असतो, एवढं लक्षात ठेवून तक्ता भरा.

३) "९४ टक्के बरोबर" म्हणजे कुणासाठी

जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू या दोघींचा २०१८ चा अभ्यास घ्या. चेहऱ्यावरून बाई की पुरुष सांगणारी तीन कंपन्यांची सॉफ्टवेअर त्यांनी १,२७० जणांच्या फोटोंवर तपासली. सरसकट बघितलं तर अचूकता साधारण ८८ ते ९४ टक्के, म्हणजे आपल्याकडे डिस्टिंक्शन. पण गट पाडले तेव्हा गोऱ्या पुरुषांत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के आणि सावळ्या-काळ्या बायकांत एका सॉफ्टवेअरची चूक ३४.७ टक्के. सरासरीच्या पोटात हे सगळं लपलेलं होतं. तुम्ही आपल्या कॉलेजचा निकाल असाच फोडून बघा, शाखेनुसार, माध्यमानुसार (ऑफिसमधून नावाशिवायचे आकडे मी मिळवून देते), आणि दोन्ही गोष्टी शेजारी मांडा.

४) डॉक्टर आला की आली

मला सगळ्यात आवडणारा विषय, आणि कुणीच घेत नाही! इंग्रजीत डॉक्टर आला का आली ते कळत नाही, मराठीत क्रियापदालाच ठरवावं लागतं. मग भाषांतर करणारं सॉफ्टवेअर काय ठरवतं? वीस कामं घ्या: डॉक्टर, नर्स, ड्रायव्हर, शिक्षक, इंजिनिअर, स्वयंपाकी, वकील, विडी वळणारा कामगार, यंत्रमाग चालवणारा. प्रत्येकाचं "अमका उशिरा आला" असं साधं इंग्रजी वाक्य करून टाका आणि आला/आली मोजा. सोलापुरात विड्या वळतात त्या जवळपास सगळ्या बायकाच, हे मशीनला माहीत आहे का बघा.

याचाच जोड विषय म्हणजे बोलून टाईप करणे. आजी "काय करायलास बे" म्हणाली तर फोन काय लिहितो? तीच वाक्यं पुस्तकी मराठीत आणि घरच्या बोलीत वाचून घ्या, चुकलेले, गाळलेले आणि जास्तीचे शब्द यांची बेरीज करून एकूण शब्दांनी भागा. शंभर शब्द पुरे.

५) मार्क सॉफ्टवेअरने दिले तर

कोरोनात २०२० साली इंग्लंडमध्ये बारावीसारखी ए-लेव्हल परीक्षा झालीच नाही. मार्क ठरवायला एक सूत्र लावलं, त्यात शाळेचे मागच्या वर्षांचे निकाल धरले होते. जवळपास ४० टक्के ग्रेड शिक्षकांच्या अंदाजापेक्षा खाली आल्या. छोट्या वर्गांना शिक्षकांचे अंदाज जास्त धरले, त्याचा फायदा खाजगी शाळांना झाला. पोरं रस्त्यावर उतरली आणि ऑगस्टमध्येच सगळं मागे घेतलं.

तुम्ही २० काल्पनिक विद्यार्थ्यांचा वर्ग बनवा, शाळेचा मागचा निकाल वाईट धरा, त्यात एक हुशार मुलगी टाका आणि सूत्र लावून तिचं काय होतं ते दाखवा. मग स्वतःचं बरं सूत्र सुचवा. सोपं वाटतंय ना, करून बघा.

६) चेहऱ्याने हजेरी

स्वीडनमध्ये शेलेफ्टिओ गावातल्या एका शाळेनं २२ मुलांची हजेरी तीन आठवडे चेहरा ओळखून घेतली. पालकांची संमती होती, तरी २०१९ मध्ये दंड झाला, कारण शाळेपुढे मूल आणि पालक खरंच "नाही" म्हणू शकतात का, असा प्रश्न आला. गटातल्या दोघांनी प्राचार्य व्हायचं, दोघांनी पालक, आणि वाद लिहून काढायचा. हजेरीला वर्गात रोज किती मिनिटं जातात ते आठवडाभर घड्याळ लावून मोजा, म्हणजे भांडायला काहीतरी हातात असेल.

७) बाकीचे, एकेका ओळीत

रेशन दुकानात विडी कामगार आज्जींचं बोट मशीनवर किती वेळा लावावं लागतं (हे नेमकं एआय नाही, पण "मशीन नाही म्हणालं" तर पुढे काय, हा प्रश्न तोच, फक्त विचारायचं, आधार नंबर बघायचा-लिहायचा नाही). नोकरीचे अर्ज चाळणारं अमेझॉनचं सॉफ्टवेअर बायकांचे अर्ज मागे टाकायचं, ते का झालं. सोलापुरी चादरीची नक्षी मशीननं काढली तर ती कुणाची, आपल्या चादरीला जीआय टॅग आहे हे धरून. नातेवाईकाच्या आवाजात पैसे मागणारा फोन, घरात ओळखायचा शब्द ठरवलाय का याचा सर्व्हे.

आता कडक नियम. वर्गातल्या कुणाचाही फोटो कुठल्याही ॲपमध्ये टाकायचा नाही. मागच्या वर्षी एका गटानं हौसेनं साठ जणांचे फोटो एका फुकटच्या वेबसाईटवर चढवले, प्रोजेक्ट एआयच्या नैतिकतेवर आणि विचारलं कुणालाच नाही, एका मुलीचे वडील थेट स्टाफरूममध्ये आले आणि त्यांचं बरोबर होतं, चूक माझी, मी आधी सांगायला पाहिजे होतं. ते फोटो खरंच डिलीट झाले का हे आजही मला माहीत नाही. आपल्याकडे २०२३ चा डेटा संरक्षण कायदा आहे, त्यात १८ च्या आतले सगळे मूल धरलेत आणि पालकांची संमती लागते. म्हणून ज्याला प्रश्न विचाराल त्याच्याकडून ही चिठ्ठी, १८ च्या आत असेल तर पालकांची सही:

"अकरावीच्या प्रोजेक्टसाठी हे विद्यार्थी मला प्रश्न विचारत आहेत. माझं नाव, फोटो, फोन नंबर ते लिहून घेणार नाहीत. मला नको असेल ते उत्तर मी देणार नाही आणि कधीही थांबू शकतो/शकते. प्रोजेक्ट तपासून झाल्यावर कागद फाडले जातील."

तेलुगू-कन्नड घरात गेलात तर त्यांच्या भाषेत वाचून दाखवा, नुसती सही मारून घेऊ नका.

मार्क ५०: नोंदवही २०, हिशोब-तक्ते १०, "आमचं कुठे चुकलं असेल" हे पान १०, तोंडी १०. मुखपृष्ठाला शून्य, त्यामुळे लॅमिनेशनचे पैसे वाचवा. नोंदवही हातानं लिहिलेली, खाडाखोड असली तर उलट बरं, मला कळतं की खरंच बसून केलंय.

गट आणि विषय शुक्रवारपर्यंत मॉनिटरकडे. एका विषयाला जास्तीत जास्त तीन गट, पहिला येईल त्याला पहिला. पहिल्या दहा नोंदी दोन आठवड्यांनी लॅबमध्ये दाखवायच्या, फायनल गड्ड्याच्या आधी, कारण एकदा पाळणे लागले की तुम्ही काही हाती लागत नाही. चार नंबरचा विषय घेणाऱ्या पहिल्या गटाला शेंगा चटणीची पुडी माझ्याकडून.

आयटीच्या मॅडम