क्रीमच्या केकसोबतचं पत्र

नमस्कार,

डब्याच्या झाकणावर मी निळ्या शाईने तारीख आणि वेळ लिहिली आहे. ती केकमध्ये क्रीम भरल्याची वेळ. केक किती टिकेल ते तिथपासून मोजायचं, कापल्यापासून नाही.

ताज्या दुधाच्या क्रीमचा केक फ्रिजमध्ये तीन दिवस. अंडं घालून शिजवलेल्या कस्टर्डचा केक दोन दिवस. आत ताजी फळं असतील तर मात्र दुसऱ्या दिवसापर्यंत संपवा. फळांना पाणी सुटतं, स्पंज ओला होतो आणि क्रीमही लवकर उतरते.

फ्रिज 5 अंशांच्या खाली असू द्या. केक आतल्या बाजूला, मधल्या कप्प्यात ठेवा. दार सारखं उघडतं, त्यामुळे दाराजवळचा कप्पा सगळ्यात गरम असतो. डबा बंदच राहू द्या, नाहीतर क्रीम कांद्यालसणाचा वास ओढून घेते. कापलेली बाजू झाकून ठेवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं. केक फ्रिजच्या बाहेर एकूण दोन तासांपेक्षा जास्त राहू नये, कडक उन्हाळ्यात तर एकच तास. हा वेळ बेरजेने मोजायचा. घरी नेताना अर्धा तास, पाहुण्यांची वाट बघत एक तास, मेणबत्त्या, फोटो आणि वाटप यांत आणखी अर्धा तास, की झाले दोन तास. उरलेला केक मग परत फ्रिजमध्ये टाकून उपयोग नाही. क्रीममध्ये वाढणारे काही जंतू विष सोडतात आणि ते थंडीनेही जात नाही, गरम करूनही जात नाही. पाहुणे आल्यावरच केक बाहेर काढा. गाडीत डिकीत ठेवू नका, एसी लावून पायाशी सपाट जागेवर ठेवा. मांडीवर घेतला की तो कलंडतो.

गेल्या महिन्यात एका ताईंनी रात्री फोन करून विचारलं, "केक चार वाजल्यापासून टेबलावरच आहे, पण वास छान येतोय, मुलांना देऊ का?" मी नको म्हटलं. एवढ्या हौसेने आणलेला केक टाकायला सांगताना मलाही वाईट वाटलं. पण वास आणि चव बिघडण्याआधीच केक बाधू शकतो, म्हणून नाकावर नाही, घड्याळावर विसंबा. लहान मुलं, गरोदर बायका आणि वयस्कर मंडळी असतील तर जास्तच जपा.

केक उरला आणि तो बाहेर फार राहिला नसेल, तर त्याच दिवशी तुकडे घट्ट गुंडाळून फ्रीझरमध्ये ठेवता येतात. महिनाभरात संपवा. खायच्या आदल्या रात्री खाली फ्रिजमध्ये काढून ठेवा, ओट्यावर नको, आणि एकदा वितळला की पुन्हा गोठवू नका. कस्टर्डचा केक मात्र गोठवू नका, तो फुटून पाणी सोडतो.

आता अ‍ॅलर्जीबद्दल. माझ्या प्रत्येक केकमध्ये गहू आणि दूध असतंच. चॉकलेटमध्ये बहुतेक वेळा सोया लेसिथिन असतं. अंडं कशात आहे ते लेबलवर लिहिलेलं असतं. बदाम, काजू, पिस्ते, अक्रोड आणि शेंगदाणे मी याच ओट्यावर वापरते. भांडी, चाळणी, मिक्सर मी प्रत्येक वेळी धुते, तरीही दाण्यांचा अंशही नसेल अशी खात्री या घरातून देता येत नाही. सुकामेव्याची किंवा शेंगदाण्याची तीव्र अ‍ॅलर्जी असलेल्यांची ऑर्डर मी घेत नाही. वरचे बदाम काढून टाकले म्हणून केक निर्धोक होत नाही, आणि भाजल्यानेही अ‍ॅलर्जी टळेल असं धरून चालू नका.

दोन शब्दांवरून नेहमी गोंधळ होतो. "एगलेस" म्हणजे फक्त अंडं नाही, दूध आणि गहू आहेतच. आणि पाकिटावर "नॉन-डेअरी" लिहिलेल्या व्हिपिंग क्रीममध्येही पुष्कळदा दुधातलंच एक प्रथिन असतं, सोडियम केसिनेट नावाचं. दुधाची अ‍ॅलर्जी असलेल्याला ती क्रीम चालत नाही. दूध पचत नाही आणि दुधाची अ‍ॅलर्जी आहे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तुमच्याकडे यातलं काय आहे, ते मला नेमकं सांगा.

अ‍ॅलर्जी ऑर्डर देतानाच सांगा, केक न्यायला आल्यावर नको. पाहुण्यांनाही आधी विचारून ठेवा. केक खाल्ल्यावर कुणाच्या अंगावर गांध्या उठल्या, ओठ सुजले किंवा श्वास अडकला, तर थांबून बघू नका, लगेच दवाखान्यात न्या. लेबल सोबत घेऊन जा, डॉक्टरांना घटक कळतील. म्हणूनच केक संपेपर्यंत लेबल फेकू नका.

काही शंका असेल तर केक कापण्याआधी फोन करा. रात्री उशीर झाला असला तरी चालेल, मी उचलते.

तुमची,
केकवाली ताई