आमच्या घरातली पहिली पदवी (व्हिडिओची संहिता)

[दृश्य: एसटी थांबा. ती थेट कॅमेऱ्याकडे बघत बोलते.]

दहावी-बारावीच्या पोरापोरींनो, नमस्कार. मी केमिस्ट्रीत बीएस्सी केलंय. सध्या माती परीक्षणाच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. आमच्या आईची शाळा चौथीत सुटली, अण्णा सहीपुरते शिकले. माझ्याआधी घरातलं कुणी कॉलेजात गेलेलं नव्हतं.

गावात म्हणतात, "पोरगी हुशार, म्हणून शिकली." मला हे पटत नाही. माझ्यापेक्षा हुशार मुली वर्गात होत्या. त्यांच्या घरी फॉर्मची शेवटची तारीख सांगणारं कुणी नव्हतं. माझ्याही नव्हतं, पण आमच्या सरांनी बारावीतच दाखल्यांची यादी हातात ठेवली होती.

[दृश्य: फाइल उघडते, एकेक कागद दाखवते.]

तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला. अधिवास. जात प्रमाणपत्र. ओबीसी असाल तर नॉन-क्रिमीलेयर. हे निकालाआधीच काढायला टाका, नंतर सेतू केंद्रावर पाय ठेवायला जागा नसते. बँक खातं आधारला जोडलेलं हवं, कारण महाडीबीटीवरची शिष्यवृत्ती थेट खात्यात येते. अण्णांची एक दिवसाची मजुरी बुडायची तेव्हा एक दाखला हलायचा. ते कधी बोलून दाखवत नसत, पण मला कळायचं.

[दृश्य: कॉलेजचा व्हरांडा.]

पहिलं वर्ष जड गेलं. बारावीपर्यंत एसटीचा पास मोफत होता, पुढे घरभाडं आलं. 'कमवा आणि शिका'मध्ये मी ग्रंथालयात पुस्तकं लावायचे. त्याचा फायदा असा की इंग्रजी पुस्तकं चाळायला मिळाली. लेक्चर इंग्रजीत, मला निम्मं कळायचं नाही. मग मी वहीच्या डाव्या पानावर इंग्रजी शब्द आणि उजव्या पानावर त्याचा अर्थ मराठीत लिहायला लागले. दुसऱ्या वर्षापर्यंत डावं पान पुरेनासं झालं.

मुलींनो, एक गोष्ट घरी नक्की सांगा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 8 लाखांपर्यंत असेल, तर ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी 2024-25 पासून पूर्ण माफ आहे. प्रवेश मात्र सरकारी प्रवेश फेरीतून हवा, मॅनेजमेंट कोट्यातून चालत नाही. आमच्या वेळी ही सवलत निम्मीच होती. हेवा वाटतो तुमचा, खरंच!

"शिकून करणार काय, शेवटी लग्नच ना?" असं चुलते म्हणायचे. त्यांच्याशी वाद घालण्यात मी वेळ घालवला नाही. मागच्या हंगामात त्यांच्याच रानातली माती तपासून दिली. युरियाचं एक पोतं कमी लागलं, तेव्हापासून त्यांची धाकटी माझ्याकडे गणित शिकायला येते.

[दृश्य: पुन्हा थेट कॅमेऱ्याकडे.]

तुमचा कोणता दाखला अडलाय, कशामुळे अडलाय, ते खाली कमेंटमध्ये लिहा. रविवारी मी आणि माझ्या कॉलेजच्या मैत्रिणी एकेकाला उत्तर देऊ. फक्त आधार क्रमांक तिथे टाकू नका.