लेखा विभागाच्या नावातील बदल : वर्ड फाइलींसाठी कार्यपद्धती

१ जुलैपासून आपल्या पतसंस्थेतील ‘लेखा विभाग’ हा ‘वित्त व लेखा विभाग’ या नावाने ओळखला जाईल. सामायिक फोल्डरमधील ६४ वर्ड फाइलींमध्ये हे नाव बदलायचे असून, प्रत्यक्ष बदलाला फार वेळ लागत नाही. वेळ लागतो तो कोठे बदलायचे नाही हे ठरवायला.

बदलापूर्वीची तपासणी

संपूर्ण फोल्डरची प्रत दुसऱ्या ड्राइव्हवर ठेवल्याशिवाय एकही फाइल उघडू नये. त्यानंतर फाइलींची विभागणी करावी. कोरे अर्ज, पत्रांचे नमुने आणि चालू नियमावली यांत नाव बदलेल. मात्र सह्या झालेले करार, मंजूर इतिवृत्ते आणि पाठवलेली पत्रे जशीच्या तशी राहतील, कारण त्या तारखेला विभागाचे नाव जुनेच होते. चालू पत्रातील ‘संदर्भ’ या ओळीत जुन्या पत्राचा उल्लेख असेल, तर तोही बदलू नये.

प्रत्येक फाइलीत प्रथम नवे नाव शोधावे. जुने नाव नव्या नावातच सामावलेले असल्याने, कोणी आधीच बदल केलेल्या फाइलीत पुन्हा बदल केल्यास ‘वित्त व वित्त व लेखा विभाग’ असे होते. मग जुने नाव शोधून `Find In` मधून मुख्य मजकूर, हेडर-फूटर आणि चौकटी यांतील संख्या यादीत नोंदवावी. ‘लेखाविभाग’ असे जोडून लिहिलेले किंवा मध्ये दोन स्पेस पडलेले नावही शोधावे.

जुने नाव डोळ्यांना दिसते, पण शोधात सापडत नाही, अशी फाइल बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमधील असते. ती बाजूला काढून संगणक कक्षाकडे द्यावी.

बदल

`Track Changes` बंद असल्याची आणि आधीचे बदल स्वीकारले वा नाकारले असल्याची खात्री करून `Ctrl+H` दाबावे. `Find whole words only` वर खूण नसावी. संदर्भाच्या ओळी नसलेल्या फाइलीतच `Replace All` वापरावे, अन्यथा `Replace` आणि `Find Next` यांनी एकेक जागा पाहत पुढे जावे. सुदैवाने दोन्ही नावांचा शेवट ‘विभाग’ असाच आहे, त्यामुळे ‘विभागाने’, ‘विभागाकडे’ ही रूपे आपोआप जुळतात. ‘शाखा’ हा शब्द आला असता, तर वाक्येही हाताने सुधारावी लागली असती.

बदललेल्या जागांची संख्या यादीतील संख्येशी ताडून पाहावी आणि मुद्दाम सोडलेल्या जागा वेगळ्या लिहाव्यात. चित्र म्हणून चिकटवलेले लेटरहेड, शिक्का आणि स्कॅन शोधात येत नाहीत, म्हणून प्रत्येक पान एकदा नजरेखालून घालावे. अनुक्रमणिका असल्यास ती `F9` ने अद्ययावत करावी. पूर्ण झालेली फाइल लगेच ‘झालेल्या’ या फोल्डरमध्ये हलवावी, म्हणजे ती दुसऱ्याच्या हाती पुन्हा लागणार नाही.