7 मेपासून 13 ऑक्टोबरपर्यंत पेपर बंद ठेवण्याबाबत

दि. 28 एप्रिल 2025

प्रति,
व्यवस्थापक,
वृत्तपत्र वितरण एजन्सी,
कोथरूड, पुणे 411038

विषय: घरपोच वृत्तपत्रे तात्पुरती बंद ठेवण्याबाबत (ग्राहक क्र. 214, लाईन 3)

स. न. वि. वि.

आम्ही दोघे मुलीकडे न्यू जर्सीला जात आहोत. मंगळवार दि. 6 मे रोजी दुपारी घर बंद करून मुंबईला निघू, म्हणजे त्या दिवशी सकाळचा पेपर हवा आहे. बुधवार दि. 7 मेपासून मात्र ‘सकाळ’, ‘लोकसत्ता’ आणि रविवारी येणारा जादा इंग्रजी पेपर, असे तिन्ही बंद ठेवावेत. परत 12 ऑक्टोबरला येणार आहोत. प्रवासाचा शीण आणि घराची साफसफाई धरून मंगळवार दि. 14 ऑक्टोबरपासून पेपर पूर्ववत सुरू करावेत.

हे फोनवरही सांगता आले असते, पण मुद्दाम लिहून देत आहे. आमची पहिली एजन्सी होती तेव्हा असेच तीन महिने बाहेरगावी गेलो होतो. लाईनवरच्या मुलाला तोंडी सांगितले, तो ‘हो काका’ म्हणाला आणि दहाव्या दिवशी परीक्षेसाठी काम सोडून गावी गेला. नव्या मुलाला कोण सांगणार? शेजारच्या भावे वहिनींचा फोन आला तेव्हा दारात पेपरांचा ढीग झाला होता. पैशांचे विशेष काही नाही, ते नंतर मिटले. पण बंद दारापुढे आठ-दहा पेपर पडलेले दिसले की घरात कोणी नाही हे जिना चढणाऱ्या प्रत्येकाला कळते. आमच्या इमारतीला रखवालदार फक्त रात्रीचा आहे. त्यामुळे कृपया आपल्या वहीत नोंद करावीच, शिवाय मुलाच्या हातात असते त्या लाईनच्या यादीतही आमच्या नावापुढे खूण करावी.

आणखी एक. पेपर बंद असला तरी क्लासची, सेलची पत्रके पुष्कळदा दाराच्या कडीत खोचली जातात. आपल्या मुलांकडून तेवढे होऊ नये. बाहेरचे लोक टाकतात त्याला आपण तरी काय करणार, ती वहिनी काढून घेतील.

एप्रिलचे बिल अजून आलेले नाही. एप्रिल पूर्ण आणि मेचे सहा दिवस असे एकत्रच बिल करून 4 मेपर्यंत पाठवावे, म्हणजे मागे काही बाकी राहणार नाही. मधल्या महिन्यांचा घरपोच आकार लागणार नाही असे मी धरून चालतो. तसे नसेल तर आधीच कळवावे.

आता थोडा गुंतागुंतीचा भाग. दोन मराठी पेपरांपैकी एकाची वार्षिक वर्गणी मी जानेवारीत आपल्यामार्फत एकरकमी भरली आहे, पावतीची झेरॉक्स सोबत जोडली आहे. बंद असलेले दिवस वर्गणीच्या पुढे वाढवून मिळत असतील तर उत्तम, आपण त्यांच्या कार्यालयात विचारून घ्यावे. मिळत नसतील तर तो एक पेपर उगाच वाया जाऊ देऊ नका. बागेजवळच्या ज्येष्ठ नागरिकांच्या विरंगुळा केंद्रात रोज टाकावा. ते आपल्याच लाईनवर आहे आणि तिथे एका पेपरावर सात-आठ जण टपलेले असतात (मीही त्यातलाच). तसे ठरल्यास त्या एका पेपराचा घरपोच आकार मी जाण्यापूर्वी आगाऊ देईन.

दिवाळी अंकांचेही आताच सांगून ठेवतो. लक्ष्मीपूजन यंदा 21 ऑक्टोबरला आहे, आम्ही त्याआधी पोहोचू. दरवर्षीचे तीन अंक बाजूला ठेवावेत. आम्ही आल्याशिवाय दारात आणून टाकू नयेत.

माझा मोबाईल नंबर आपल्या वहीत आहे, पण तिकडे तो फक्त व्हॉट्सअॅपवर चालेल. तिकडची वेळ सध्या आपल्या साडेनऊ तास मागे असल्याने निरोप संध्याकाळी सातनंतर टाकल्यास लगेच उत्तर देता येईल. तातडीचे काही असल्यास समोरच्या फ्लॅट क्र. 10 मध्ये भावे वहिनींना सांगावे. त्यांचा स्वतःचा पेपर मात्र चालूच आहे, दोघांचे दार एकाच मजल्यावर असल्याने घोटाळा होऊन तो बंद होऊ नये! मागच्या महिन्यात एकदा अदलाबदल झाली होती, म्हणून लिहिले.

सध्याचा मुलगा पावसातही पेपर कोरडा आणून देतो, पावणेसहाला दारात आवाज येतोच. त्याचे दिवाळीचे पाकीट आल्यावर देऊ, हे त्याला सांगावे. तोपर्यंत तो लाईनवर नसला तर त्याचा ठावठिकाणा तेवढा विचारून ठेवा.

हे पत्र मिळाल्याचे आणि नोंद केल्याचे दोन ओळींत व्हॉट्सअॅपवर कळवावे, ही विनंती.

कळावे,

आपला,
अरविंद देवधर
फ्लॅट क्र. 11, दुसरा मजला, बी विंग

सोबत: वार्षिक वर्गणीच्या पावतीची झेरॉक्स