विषय: रविवारी बघितलेली गाडी – डॅशबोर्डच्या दिव्यांचं जुनं काम, जॉब कार्ड आणि बिलं हवी होती

नमस्कार काका,

मी निखिल, रविवारी सकाळी मित्राला घेऊन तुमची ग्रे पेट्रोल हॅचबॅक बघायला आलो होतो तो. एवढा वेळ दिलात, चक्कर पण मारू दिलीत, त्याबद्दल थँक्यू. गाडी आवडली आहे हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचून तुम्हाला वाटायला नको की हा पोरगा भाव पाडायला खुसपटं काढतोय. भावाचं आपण नंतर बोलू. मला आत्ता फक्त कागद बघायचेत, कारण तुम्ही तोंडी जे सांगितलंत ते आणि गाडीत जे दिसलं ते माझ्या डोक्यात नीट जुळत नाहीये.

तुम्ही म्हणालात की चारेक महिन्यांपूर्वी चेक इंजिनचा दिवा लागला होता, पहिल्या सिलिंडरला मिसफायर होता, कॉइल बदलली आणि विषय संपला. ठीक आहे, कॉइल जाते, त्यात काही विशेष नाही. पण घरी येऊन मी जाहिरातीतले फोटो परत बघितले तर मीटरच्या फोटोत ६१,८४० किमी दिसतायत आणि चेक इंजिनचा दिवा चालू आहे. मी आधी म्हटलं नुसती चावी फिरवून काढला असेल, तेव्हा सगळेच दिवे लागतात, पण त्याच फोटोत आरपीएमचा काटा ८०० वर आहे, म्हणजे इंजिन चालू होतं. आणि परवा मीटरवर ६२,३१० होते. म्हणजे तो फोटो फार तर पाचशे किलोमीटर जुना. तो फोटो कॉइल बदलायच्या आधीचा की नंतरचा, एवढं सांगाल का? नंतरचा असेल तर दिवा परत लागला होता, आणि मग दुसऱ्यांदा काय केलं ते मला कळायला हवं.

दुसरी गोष्ट. मित्राने तुम्हाला विचारूनच स्कॅनर लावला होता, आठवत असेल. एकही कोड आला नाही, तुम्ही म्हणालात बघा क्लीन आहे. पण त्याच स्क्रीनवर कोड पुसल्यापासून गाडी ३८ किमी चालल्याचं दिसत होतं, आणि कॅटॅलिस्ट आणि ऑक्सिजन सेन्सरची तपासणी अजून अपूर्ण. गाडी स्वतःची ही तपासणी काही ठराविक पद्धतीने चालल्यावरच पूर्ण करते, त्यामुळे आत्ता कोड नाही याचा अर्थ फॉल्ट नाही असा होत नाही, अजून तपासलंच नाही एवढाच होतो. बॅटरी काढली तरी बऱ्याच गाड्यांत असं होतं, तसं काही झालं असेल तर सांगा, पण टर्मिनलवर पांढरी बुरशी तशीच जमलेली होती, नुकतं कोणी उघडल्यासारखं वाटलं नाही. कोणी कोड पुसले असतील तर त्यात लपवण्यासारखं काही नाही, मेकॅनिक काम झाल्यावर पुसतातच. फक्त कोणते कोड होते आणि पुसायच्या आधी काय काम केलं ते हवंय.

कोडचं मी एवढं का लावून धरलंय तर P0301 म्हणजे पहिल्या सिलिंडरचा मिसफायर, तो कॉइल, प्लग किंवा इंजेक्टरने निस्तरतो. पण मिसफायर असताना, खास करून दिवा लुकलुकत असताना, गाडी तशीच पळवली तर न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जातं आणि तो तापून खराब होतो, मग P0420 येतो. आणि कन्व्हर्टर हे कॉइलपेक्षा कितीतरी मोठ्या खर्चाचं काम. तेव्हा दिवा स्थिर होता की लुकलुकत होता, आणि तसं किती दिवस चालवली, हे आठवत असेल तर खरं खरं सांगा, मी त्यावरून पळून जाणार नाहीये.

एबीएसचा दिवा मागे लागायचा असं तुमचा मुलगा म्हणाला, पुढच्या चाकाचा सेन्सर बदलला म्हणे. डावं की उजवं? आणि त्याच सुमारास बेअरिंग पण बदललं होतं का? बऱ्याच गाड्यांत सेन्सर वाचतो ती मॅग्नेटची रिंग बेअरिंगमध्येच असते, बेअरिंग उलटं बसलं की नवा सेन्सर टाकूनही दिवा जात नाही आणि लोक उगाच सेन्सरवर सेन्सर बदलत बसतात. चक्कर मारताना दिवा लागला नाही हे खरं, पण आपण गेलो किती, दोन किलोमीटर.

आता एअरबॅग. खरं सांगू का, सगळ्यात जास्त काळजी मला याचीच आहे. चावी ऑन केल्यावर एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझायला पाहिजे, तुमच्या गाडीत तो लागलाच नाही. मी तीनदा करून बघितलं. तुम्ही म्हणालात पहिल्यापासून तसंच आहे. काका, पहिल्यापासून तसं नसतं हो. एकतर दिवा गेलाय, नाहीतर कोणीतरी मुद्दाम बंद केलाय. त्यात स्टीअरिंगवरची आवाजाची बटणं पण चालत नव्हती, त्यामुळे स्टीअरिंगखालची क्लॉक स्प्रिंग गेली असावी असा मला संशय आहे, एअरबॅगची वायर तिच्यातूनच जाते. हॉर्न वाजत होता म्हणा, त्यामुळे नक्की नाही सांगता येत. मीटर कन्सोल कधी काढला किंवा बदलला होता का? बदलला असेल तर तेव्हाचे किलोमीटर कुठे लिहिलेत तेही बघावं लागेल.

सर्व्हिस बुकात ४८,००० पर्यंत शिक्के आहेत, त्यापुढे कोरं. म्हणजे दिव्यांची सगळी भानगड नेमकी कोऱ्या पानांच्या काळातली. तर या काळातली जॉब कार्ड पाठवा, नुसतं बिल नको, कारण बिलात पार्ट आणि पैसे असतात, पण तक्रार काय होती आणि मेकॅनिकला काय सापडलं हे जॉब कार्डावर लिहिलेलं असतं. स्कॅनचा प्रिंट किंवा स्क्रीनचा फोटो असेल तर उत्तमच. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरकडे गाडीची हिस्ट्री असते पण ते मला देणार नाहीत, मालक म्हणून तुम्हीच मागितली तर मिळेल. बाहेरच्या गॅरेजवाल्याने कागदच दिला नसेल तर त्याच्याशी झालेले मेसेज, पैसे पाठवल्याचा मेसेज, काहीही चालेल, किंवा मला त्याच्याशी फोनवर बोलू द्या. तुमचा पत्ता, फोन नंबर झाकून पाठवा, हरकत नाही, फक्त तारीख, किलोमीटर आणि गाडीचा नंबर दिसू द्या.

मोबाइलवर फोटो काढून याच मेलवर टाकलेत तरी पुरे. गुरुवार संध्याकाळपर्यंत जमलं तर शनिवारी मी माझ्या खर्चाने गाडी चेक करून घेईन, आणि तोपर्यंत प्लीज कोणाला कोड पुसू देऊ नका, दिवा लागला तर लागू दे, तसाच राहू दे. दुसरं गिऱ्हाईक आलं आणि तुम्हाला थांबायचं नसेल तर तसं कळवा, मी समजून घेईन. पण एअरबॅगचं त्यालाही सांगा.

काकूंना चहाबद्दल थँक्यू सांगा.

निखिल